प्रति: पाइपच्या नमुन्याचा यील्ड कमी का येतो

> कॉइलचा यील्ड ४८० आला, त्याच कॉइलच्या पाइपचा आडवा नमुना ४३५ ला गेला. मशीनचं कॅलिब्रेशन गंडलंय का?

मशीनवर शंका घेण्याआधी दोन्ही रिपोर्टांतली अंतिम ताणशक्ती शेजारी ठेवून बघा. ती जवळपास सारखी असेल आणि आलेखातला यील्डचा कोपरा तेवढा गोलसर झाला असेल, तर हा बाउशिंगर परिणाम आहे, म्हणजे एका दिशेला ताणलेलं पोलाद उलट दिशेला लवकर यील्ड होतं. तळोज्याच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करताना मी असे आलेख बरेच पाहिलेत. पाइप वळवताना बाहेरची बाजू ताणली जाते. ५०८ मिमी व्यास आणि १२.७ मिमी जाडी असेल तर पृष्ठभागावर साधारण अडीच टक्के. नमुना सपाट करताना तीच बाजू दाबली जाते आणि चाचणीत पुन्हा ताणली जाते. आधीच्या विकृतीत अडकून पडलेली डिसलोकेशन्स उलट दिशेला सहज सरकतात, म्हणून तो थर लवकर यील्ड होतो.

वर कुणीतरी आयसोट्रॉपिक हार्डनिंगने, म्हणजे ताणल्यावर दोन्ही दिशांचा यील्ड सारखाच वाढतो असं धरून हिशोब केलाय, तो इथे चालणार नाही. ४५० यील्डचं पोलाद ५०० पर्यंत ताणलं, तर ते मॉडेल उलट यील्ड −५०० ला दाखवतं. कायनेमॅटिक हार्डनिंगमध्ये −४५० ते +४५० हा ९०० चा लवचीक पट्टा तेवढाच राहतो, फक्त त्याचं केंद्र ५० ने सरकतं, म्हणून उलट यील्ड −४०० ला. खरं पोलाद या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. खरेदीदाराशी बोलून रिंग एक्स्पान्शन चाचणी घ्या. लाइन पाइपच्या एपीआय ५एल मानकात तिला मान्यता आहे, आणि तिच्यात नमुना सपाट करावाच लागत नाही.