मदत हवी आहे: बाबांच्या अन्ननलिकेत मोठ्या व्हेरिसेस, रक्तस्राव अजून नाही. गोळी की बॅंडिंग?

सावनी_क
नमस्कार. बाबा ६३ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस झाल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. दारूला कधी शिवलेले नाहीत. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, स्वतःचं सगळं स्वतः करतात. प्लेटलेट ८२ हजारांवर आल्या म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी करायला लावली. रिपोर्टमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला मोठ्या व्हेरिसेस, म्हणजे फुगलेल्या शिरा, आणि त्यांवर लाल खुणा असं आलंय. रक्ताची उलटी किंवा काळी शी आजवर एकदाही नाही.

बाबांना बीपीसाठी आधीपासून मेटोप्रोलॉल आणि अम्लोडिपिन चालू होतं. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल बंद करून कार्व्हेडिलॉल ६.२५ दिलं आणि "सोसलं तर १२.५ करू" म्हणाले. माझा मामेभाऊ डॉक्टर आहे, पण लिव्हरचा नाही. तो म्हणतो की एवढ्या फुगलेल्या शिरा दिसत असताना गोळीवर काय राहता, सरळ बॅंडिंग करून शिरा रबराने बांधून टाका. घरात दोन तट पडलेत आणि बाबा गप्प आहेत. बीपी तर ताब्यात आहे, मग बीपीची गोळी बदलून शिरा कशा फुटायच्या थांबतील, हेच मला कळत नाही.

दिगंत
मोठ्या आणि वर लाल खुणा म्हणजे धोका खरा आहे, दिवस घालवू नका. मेटोप्रोलॉल काय आणि कार्व्हेडिलॉल काय, दोन्ही बीटा ब्लॉकरच, नुसतं नाव बदललंय. बॅंडिंग केलं की शिरा कायमच्या जातात. मी तरी तेच केलं असतं.

मुक्ताई
सावनी, माझ्या भावाला दोन्ही केलंय. बॅंडिंग चार वेळा झालं आणि गोळी आजही चालू आहे. पहाटे बेसिन रक्ताने भरलं होतं गं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्हाला एकच का सांगितलं? दोन्ही मागून घ्या.

अश्विन_मो
मी यकृतविकार विभागात काम करतो. आधी मुक्ताईंच्या मुद्द्याबद्दल. तुमच्या भावाला एकदा रक्तस्राव होऊन गेला होता. तिथे गोळी आणि बॅंडिंग दोन्ही देतात, आणि ते बरोबरच आहे, कारण पुन्हा होण्याची शक्यता फार मोठी असते. सावनीच्या बाबांना अजून पहिलाच झालेला नाही. अशा वेळी दोन्हींतलं एक निवडतात. दोन्ही एकदम करून फारसं जास्त हाती लागत नाही, त्रास मात्र दोन्हींचे होतात.

आता बीपीच्या गोळीचं. आतडी आणि प्लीहा यांचं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरला जातं. सिरॉसिसमध्ये लिव्हर आतून कडक झालेलं असतं, शिवाय आतल्या बारीक वाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे रक्ताला पुढे सरकायला जागा मिळत नाही आणि मागे दाब चढतो. एवढ्यावर थांबत नाही. दाब चढला की आतड्याकडे रक्त नेणाऱ्या धमन्या सैल पडतात आणि आधीच तुंबलेल्या ठिकाणी आणखी रक्त ओतू लागतात. लिव्हरच्या आत वाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा तुटवडा आणि आतड्याच्या बाजूला त्याचाच पूर, असा हा विचित्र प्रकार आहे.

तुंबलेलं रक्त मग आडवाटा शोधतं. जठराच्या वरच्या टोकाकडून अन्ननलिकेच्या शिरांमध्ये जाणारी वाट त्यांतली एक. या शिरा जन्मापासून असतात, पण एरवी त्यांतून नावापुरतंच रक्त जातं. अन्ननलिकेच्या अगदी खालच्या काही सेंटिमीटरमध्ये त्या अस्तराच्या लगेच खाली असतात, आधाराला काही नसतं, म्हणून तिथेच फुगतात. जितकी फुगते तितकी भिंत पातळ होते आणि तिच्यावरचा ताण वाढत जातो. लाल खुणा म्हणजे छडी बसल्यावर अंगावर उठतात तसे वळ. तिथे भिंत सर्वांत पातळ झालेली असते.

हा दाब हाताला पट्टा बांधून कळणारा नाही. तो मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून नळी घालून यकृतात मोजतात. निरोगी माणसात लिव्हरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांतला फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असतो, १० च्या पुढे व्हेरिसेस तयार होऊ शकतात आणि १२ च्या पुढे त्या फुटू शकतात. बाबांचं हातावरचं बीपी ताब्यात असणं आणि पोर्टलचा दाब चढलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिगंत, मेटोप्रोलॉलबद्दल मात्र चूक होतेय. ते मुख्यतः हृदयावर काम करतं. आतड्याच्या धमन्या थोड्या आवळायच्या तर धमन्यांच्या भिंतीवरचे दुसऱ्या प्रकारचे बीटा रिसेप्टरही अडवावे लागतात. ते प्रोप्रॅनोलॉल, नॅडोलॉल आणि कार्व्हेडिलॉल करतात. कार्व्हेडिलॉल त्याशिवाय लिव्हरच्या आतल्या आवळलेल्या वाहिन्याही थोड्या सैल सोडतं. म्हणून नुसतं नाव बदललेलं नाही, कामच बदललंय. बाबा इतके दिवस बीटा ब्लॉकर घेत असूनही या शिरांना त्याचा उपयोग होत नव्हता.

प्राजक्त
बाबांना दमा आहे का? माझ्या सासऱ्यांना होता, म्हणून त्यांना हे औषध देता आलं नाही आणि थेट बॅंडिंगवर गेलो.

सावनी_क
दमा नाही. अश्विनदादा, शांतपणे समजावलंत, फार आधार वाटला. पण बॅंडिंगने शिरा कायमच्या जातात ना? मग ते चांगलं नाही का?

अश्विन_मो
शिरा जातात, दाब राहतो. एंडोस्कोपीच्या टोकाला एक टोपी असते. तिच्यात शीर ओढून घेतात आणि मुळाशी रबराचं कडं सोडतात. गाठ सुकते आणि काही दिवसांत गळून पडते, खाली व्रण राहतो. तो व्रण भरेपर्यंतचा काळ नाजूक असतो, कारण क्वचित त्यातूनच रक्त जातं. एका वेळेत काम संपत नाही. साधारण २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा, असं शिरा दिसेनाशा होईपर्यंत करतात. मग ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि पुढेही ठरावीक काळाने, कारण मागचा दाब तसाच असल्याने त्या परत येऊ शकतात. "कायमच्या" हा शब्द म्हणून जपून वापरावा.

उपचार न केल्यास मोठ्या व्हेरिसेस असलेल्या १०० जणांपैकी साधारण १५ जणांना वर्षभरात रक्तस्राव होतो. गोळी किंवा बॅंडिंग, कुठल्याही एकाने हे प्रमाण ढोबळमानाने निम्म्यावर येतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना आणि बॅंडिंगवाल्यांपैकी २३ टक्क्यांना पहिला रक्तस्राव झाला. नंतरच्या एका अभ्यासात फरक दिसला नाही, त्यामुळे या आकड्यांवर मी फार भार टाकत नाही. गोळीच्या बाजूने माझं मत पडतं ते वेगळ्या कारणाने. ती दाबच कमी करते, म्हणून पुढे पोटात पाणी होण्याची शक्यताही घटते. बॅंडिंग ते करू शकत नाही.

वैद्य_न
मी एंडोस्कोपी करतो. अश्विनशी बहुतांशी सहमत आहे, पण एक भर घालतो. मोठ्या व्हेरिसेसवर लाल वळ असतील आणि माणूस औषधं नेमाने घेत नसेल किंवा तपासणीला येत नसेल, तर मी बॅंडिंगकडे झुकतो. गोळी रोज पोटात गेली तरच चालते. चार दिवस घेतली आणि बरं वाटतंय म्हणून एकदम सोडली, की दाब झटक्यात पूर्वीवर येतो. यावर आमच्यातही एकमत नाही.

सावनी_क
आठ दिवसांनी परत लिहितेय. सहाव्या दिवशी १२.५ केलं. आठव्या दिवशी सकाळी बाबा पलंगावरून उठले आणि भिंतीला हात लावून तसेच उभे राहिले. म्हणाले, "डोळ्यांपुढे अंधार आला गं." बसलेले असताना बीपी १०६/६८ होतं, उभं राहिल्यावर ८८/५६. नाडी ६०. काय करू? मामेभाऊ म्हणतोय गोळी बंद करा.

अश्विन_मो
आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि हे सगळे आकडे वाचून दाखवा. स्वतःच्या मनाने कार्व्हेडिलॉल सोडू नका. अम्लोडिपिन अजून चालू आहे का तेही सांगा. बीपी खाली आणणारी दोन औषधं एकत्र पडत असतील, तर बहुधा त्यांतलं कुठलं ठेवायचं हा प्रश्न आहे, आणि व्हेरिसेससाठी कामाचं कार्व्हेडिलॉलच आहे. पण वरचा आकडा ९० च्या खालीच राहिला तर तेही कमी करावं लागतं. बाबा इन्सुलिन घेतात का? साखर उतरते तेव्हाची धडधड या गोळीने दबते. घाम मात्र सुटतो, त्यावर लक्ष ठेवा.

सावनी_क
डॉक्टरांनी अम्लोडिपिन बंद केलं, कार्व्हेडिलॉल चार दिवस ६.२५ वर आणलं आणि मग परत १२.५. इन्सुलिन नाही, गोळ्याच आहेत. आज उभं राहून १०४/६६, चक्कर नाही. बाबा स्वतःच वहीत आकडे लिहायला लागलेत. बॅंडिंग सध्या नाही, घरात तसं ठरलं. मामेभावालाही मेटोप्रोलॉलचा फरक सांगितला. "हे मला ठाऊक नव्हतं" म्हणाला.

एक विचारायचं राहिलं. गोळी काम करतेय हे कळणार कसं? पुन्हा एंडोस्कोपी करून बघायची का?

अश्विन_मो
खरं उत्तर आत नळी घालून दाब मोजल्यावरच मिळतं, आणि ते सगळीकडे होत नाही. प्रोप्रॅनोलॉल असेल तर नाडी ५५ ते ६० वर आणतात, पण नाडी उतरली म्हणजे पोर्टलचा दाब उतरलाच असं नाही. कार्व्हेडिलॉल तर नाडीवर ठरवतच नाहीत, १२.५ सोसतं का एवढंच पाहतात. गोळी नेमाने चालू असेल तर मी एंडोस्कोपी पुन्हा पुन्हा करत नाही, कारण शिरांचा आकार बदलला नाही तरी उपचार तोच राहतो.

वैद्य_न
इथे माझं वेगळं मत आहे. लाल वळ होते म्हणून मी वर्षाने एकदा बघितलं असतं. बाबांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

मुक्ताई
आणि सावनी, रात्री-अपरात्री रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली तर सकाळची वाट बघू नका. जिथे रात्रीही एंडोस्कोपी होते अशा रुग्णालयाचा नंबर आजच भिंतीवर लावून ठेवा. आम्ही तेव्हा शोधत बसलो होतो.

सावनी_क
लावला. बाबांच्या उशापाशी.