मायनस स्केलने पात्र वळवणं: चालतं की टाळावं?

कोवळा_कोडर: गोडोमध्ये साइड-व्ह्यू गेम करतोय, पात्र थ्रीडी आहे. डावीकडे वळवायला कमरेच्या हाडाचा स्केल एक्सवर -1 केला. आता चेहऱ्याच्या जागी डोक्याची आतली बाजू दिसते, आणि चालीचं ॲनिमेशन लावलं की पात्र परत उजवीकडे वळतं. मायनस स्केल वापरायचाच नसतो का?

सरळमार्गी: नाहीच वापरायचा. वाय अक्षावर 180 अंश फिरव, विषय संपला. तोवर मटेरियलचं कलिंग बंद कर, चेहरा परत येईल.

रिगवाली: कलिंग बंद केल्यावर चेहरा येईल खरा, पण इंजिन त्याला मागची बाजू समजून नॉर्मल उलटवेल. दिव्याकडचा गाल काळा पडेल.

मुळात -1 चुकीच्या जागी बसलाय. मिरर केल्यावर त्रिकोणांची दिशा उलटते. मॉडेलच्या नोडवर मायनस असेल तर गोडोला ते कळतं आणि तो कलिंगही उलटं करतो. हाडावरचा मायनस मात्र स्किनिंगमध्ये लागतो, नोड सरळच राहतो, त्यामुळे इंजिनला पत्ताच लागत नाही. चालीचं म्हणशील तर त्या क्लिपमध्ये कमरेच्या हाडाला स्केलचा ट्रॅक असणार. क्लिप सुरू होताच तो तुझा -1 पुसून 1 लिहितो. ट्रॅक उघडून बघ.

बॉडीला हात लावू नकोस. तिच्याखाली `Model` नावाचा एक साधा `Node3D` घे, मेश आणि स्केलेटन त्यात ठेव, कोलिजन शेप बाहेर:

```
$Model.scale.x = -1.0
```

पिक्सेलभाऊ: माझं टूडी आहे. `CharacterBody2D` ला दर फ्रेमला `scale.x = -1` देतो, तर डावं बटण दाबून धरलं की पात्र डावं-उजवं फडफडतं. हाडं वगैरे काही नाहीत माझ्याकडे.

रिगवाली: तुझं दुखणं वेगळं. हलल्यानंतर गोडो मॅट्रिक्समधून स्केल परत काढतो आणि टूडीत उणे चिन्ह नेहमी वायला देतो. म्हणजे तुझा -1, 1 परत येतो तो 1, -1 आणि सोबत 180 अंश रोटेशन. त्यावर तू पुन्हा एक्स -1 केलास की दोन्ही उणे, वर 180 अंश, म्हणजे पात्र पुन्हा सरळ. पुढच्या फ्रेमला परत डावं. उपाय तोच, स्प्राइटचा नोड वेगळा काढ.

सरळमार्गी: एवढ्या उठाठेवीपेक्षा रोटेशन बरं. मिरर केलं की छातीवरची अक्षरं उलटी, उजव्या हातातली तलवार डाव्या हातात.

रिगवाली: फिरवलंस तर पात्र कॅमेऱ्याला पाठ दाखवतं. मारामारीच्या गेममध्ये छाती समोर हवी असते, तिथे मी तलवारीचा हात बदललेला चालवून घेईन.

सरळमार्गी: मी नाही. डाव्या बाजूच्या क्लिप वेगळ्या करीन.

कोवळा_कोडर: ट्रॅक होता. `Model` वर -1 दिल्यावर चेहरा नीट दिसतोय, चालताना वळतही नाही. छातीवरचा आकडा मात्र उलटा झालाय.