प्रतिसाद: कॅशबॅक कुठं जमा होतो ते पाहा

> फवारणीचा बॅटरी पंप ३००० ला दिसतो. १० टक्के लगेच सूट घेऊ, का १२ टक्के कॅशबॅक?

भाऊ, कॅशबॅक बँक खात्यात येणार असेल तर ३६० रुपये म्हणजे ३६०च. पण बहुतेक वेळा तो ॲपच्या वॉलेटात येतो, मग तिथंच खर्चावा लागतो. म्हणजे ३००० खिशातून देऊन ३३६० चा माल. खरी सूट सुमारे १०.७ टक्के. फरक एका टक्क्याचाही नाही, आणि तोही मुदतीच्या आत तिथूनच कामाचं काही घेतलं तरच. नाहीतर ३६० वापरायच्या नादात नको ती वस्तू घरात येते.

बारीक अक्षरात ‘कमाल २०० रुपये’ लिहिलंय का तेही पाहा. असेल तर १२ टक्के नावालाच, हाती पावणेसातही नाही. आपल्या खेड्यात पार्सल आल्यावर रोख द्यायची सवय. तशा ऑर्डरला कॅशबॅक बऱ्याचदा लागूच होत नाही.

पेरणीनंतर हात आखडलेलाच असतो, मी तर २७०० देऊन मोकळा होईन. उरलेल्या ३०० त एखादं औषध तरी येईल.