मदत हवी आहे: पायाच्या खुदाईआधी हद्दीचा एक कोपरा जुळत नाही

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचा 30 बाय 40 फुटांचा प्लॉट आहे. रविवारी भावाला घेऊन टेप लावला. समोरची बाजू बरोबर 30 भरली, मागची मात्र साडेअठ्ठावीस. मग कर्ण मोजले. काटकोनी प्लॉटला दोन्ही 50 फूट यायला हवेत; एक 50 आला, दुसरा 49 फूट 1 इंच. म्हणजे चूक मागच्या उजव्या कोपऱ्यातच आहे आणि तिथेच शेजारच्या काकांचं जुनं कंपाउंड आहे.

गवंडी म्हणतोय, भिंतीला धरून दोरी लावू. मला ते पटत नाही, कारण भिंत म्हणजे काही हद्द नव्हे. रस्त्याकडेला झुडपात सर्व्हेचा दगड सापडलाय. नकाशाप्रमाणे तिथून मोजून खुंट्या ठोकायच्या आहेत.

पण एकाच दगडावरून दिशा पक्की होत नाही ना? दुसरा दगड कुठे शोधू? की थेट हद्दबस्तीचा अर्ज देऊन सरकारी मोजणीच करून घेऊ? काकांशी संबंध चांगले आहेत, त्यामुळे मोजणी त्यांच्यासमोरच व्हावी असं वाटतं. आणि खुदाईत खुंट्या हलू नयेत म्हणून काय करता? अनुभव असेल तर कृपया सांगा.