‘भारित वाहिनी’ म्हणजे चार्ज केलेली की लोड असलेली?

शब्दांकन_सातारा: उपकेंद्रातल्या ऑपरेटरांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. विषय ब्लॅक स्टार्ट, म्हणजे सगळं ग्रिड बसल्यावर बाहेरून वीज न घेता ते पुन्हा उभं करणं. जुन्या मसुद्यातलं वाक्य असं: ‘प्रथम वाहिनी भारित करावी. वाहिनी भारित नसल्यास टोकाचा दाब वाढतो, याची काळजी घ्यावी.’ माझा भाऊ वायरमन आहे. त्याने वाचून विचारलं, “मग भारित करायची की भारित असल्यावरच करायची?” मूळ इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हीकडे ‘भारित’ झालंय. काय करावं?

मायबोलीप्रेमी: सोपं आहे. पहिल्याला ‘ऊर्जित करणे’, दुसऱ्याला ‘भारित’. आणि ब्लॅक स्टार्टला ‘तमारंभ’ सुचवतो. तसंही वाहिनीवर ग्राहक नसतील तर करंट नाही, त्यामुळे धोका नाही. काळजी भार टाकताना घ्यायची असते, म्हणून दुसऱ्या वाक्यातला ‘नसल्यास’ मला छापण्यातली चूक वाटते.

तिसरी_पाळी: ‘ऊर्जित’ ठीक, पण ‘नसल्यास’ चूक नाही, तोच त्या वाक्याचा जीव आहे. लांब लाईनवर ग्राहक एकही नसला तरी लाईन स्वतः कपॅसिटरसारखी वागते आणि करंट घेते. लोड नसल्यामुळे हा परिणाम उघडा पडतो आणि पलीकडच्या टोकाचा व्होल्टेज अलीकडच्यापेक्षा जास्त होतो. ३०० किलोमीटरच्या लाईनला ही वाढ साधारण ५ टक्के. अलीकडे ४०० केव्ही असेल तर पलीकडे ४२०, म्हणजे चालू शकणारी कमाल मर्यादा गाठलीच. ‘भारित’ शब्दाने नेमका धोक्याचा आणि सुरक्षिततेचा अर्थ एकाच भांड्यात ओतलाय. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

डोंबिवली_फास्ट: १२ ऑक्टोबर २०२० ला मी लोकलमध्ये अडकलो होतो, पंखे बंद, मोबाइलची रेंज गेलेली. तेव्हा मुंबईत केलं ते ब्लॅक स्टार्टच ना?

तिसरी_पाळी: काटेकोर अर्थाने नाही. मुंबईबाहेरचं ग्रिड उभं होतं, तिथून वीज आत आणता येत होती. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तीन ग्रिड बसली, तरी पश्चिम टिकली होती, तिचा आधार घेता आला. शेजारी कुणीच जिवंत नसताना एखादं जलविद्युत केंद्र स्वतःच्या बॅटरीवर किंवा छोट्या डिझेल जनरेटरवर उठतं, ते खरं ब्लॅक स्टार्ट. पाण्याच्या संचाला गेट उघडायला आणि तेलाचे पंप चालवायला थोडीच वीज पुरते. कोळशाच्या केंद्राला पंखे, पंप, चक्क्या हलवायलाच काही मेगावॅट लागतात, म्हणून पहिली लाईन त्याच्याकडे न्यायची.

शब्दांकन_सातारा: पुस्तिकेत पुढे म्हटलंय, ‘४०० केव्ही वाहिनी उपलब्ध असली तरी प्रथम २२० केव्ही निवडावी.’ कारण दिलेलं नाही. मोठा रस्ता सोडून गल्लीने का?

तिसरी_पाळी: आकडे घेऊन बघू. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यातल्या संचाएवढा, ८० मेगावॅटचा एक संच धरा, त्याची क्षमता ढोबळ ९० एमव्हीए. २२० केव्हीची १५० किलोमीटर लाईन साधारण २० एमव्हीएआर, म्हणजे कपॅसिटरसारखी वागून तयार केलेली रिअॅक्टिव्ह पॉवर, उलट ढकलते, तेवढं संच पचवतो. तोच ४०० केव्हीची २०० किलोमीटर लाईन घेतली तर ती ढकलेल ११५च्या आसपास. हे संचाच्या पचनापलीकडचं आहे. अशा वेळी रोटरला चुंबक करणारा फील्ड करंट शून्यावर आणला तरी व्होल्टेज चढतच राहतो, संच स्वतःला चेतवत सुटतो आणि रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही. लाईनला ही पॉवर शोषणारी कॉइल, म्हणजे रिअॅक्टर, जोडलेला असला तर आकडा खाली येतो, म्हणून तो आधी तपासायचा.

मायबोलीप्रेमी: मग दोन-तीन संच एकत्र लावायचे आणि ४०० केव्ही घ्यायची. प्रश्न मिटला. ‘तमारंभ’वर मात्र कुणी बोललं नाही.

तिसरी_पाळी: अर्धाच मिटतो. दोन संचांनी पचन वाढतं हे बरोबर. पण पुढे ट्रान्सफॉर्मर घ्यायचा असतो. रोहित्राच्या लोखंडात मागचं चुंबकत्व शिल्लक असतं. ब्रेकर नको त्या क्षणी लागला की लोखंड सॅच्युरेट होतं आणि नेहमीच्या करंटच्या सहा-आठ पटही उसळी येते. ती सरळ साइन वेव्ह नसते, तिच्यात मूळ लयीच्या दुप्पट-तिप्पट वेगाच्या लाटा, म्हणजे दुसरा आणि तिसरा हार्मोनिक, भरपूर असतात. आता संचाची इंडक्टन्स आणि लाईनची कपॅसिटन्स मिळून एक स्वाभाविक लय असते. ती कितव्या हार्मोनिकवर पडते ते काढायला संचाच्या बाजूची शॉर्ट सर्किट पातळी भागिले लाईनचे एमव्हीएआर, आणि त्याचं वर्गमूळ. आपल्या संचाची पातळी जनरेटर ट्रान्सफॉर्मर धरून साधारण २८० एमव्हीए. २२०च्या लाईनसाठी उत्तर ३.७, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या मधलं, चालेल. ४००च्या लाईनवर दोन संच लावले तर उत्तर येतं २.२. दुसऱ्या हार्मोनिकच्या दाराशीच! उसळी तिथे ठोकत राहते आणि व्होल्टेज सेकंदसेकंद फुगलेला राहतो. चार संच लावले तर ३.१, पुन्हा तिसऱ्याच्या दाराशी. नुसते संच वाढवणं हा उपाय नाही, गणित दर वेळी करावं लागतं.

डोंबिवली_फास्ट: हे घडतंय हे कळतं कसं? मीटर बघून?

तिसरी_पाळी: आधी कानाने. रोहित्र चार्ज झालं की थोडं घुमतं आणि शांत होतं. मजबूत ग्रिडवर हे लवकर आटोपतं. अशक्त ग्रिडवर घुमणं रेंगाळतं. ते जाड, खरखरीत होऊन थांबतच नसेल आणि रेकॉर्डरवर व्होल्टेजची लाट वेडीवाकडी दिसत असेल तर ब्रेकर उघडा. लाइटनिंग अरेस्टर क्षणभराच्या लाटेसाठी असतो, असा रेंगाळता अतिदाब त्याला तापवून फोडतो.

शब्दांकन_सातारा: ‘इनरश’ला ‘उसळी’ चालेल ना? मसुद्यात ‘आवक प्रवाह’ आहे, मला बाजार समितीतली आवक आठवते.

फीडर_नंबर_सात: ‘उसळी’ चांगला. पण आमच्याकडे वीज पडल्यावरच्या सर्जलाही ‘उसळी’च म्हणतात. आम्ही इनरशला ‘पहिला झटका’ म्हणतो. आणि क्रमाबद्दल एक. लाईन आधी, रोहित्र नंतर, हा एकच क्रम सांगू नका. एका सरावात आम्ही संच, लाईन आणि पलीकडचं रोहित्र असे सगळे ब्रेकर मृत अवस्थेतच लावले आणि मग फील्ड हळूहळू वाढवत दाब शून्यापासून चढवला. फ्लक्स हळूहळूच वाढतो, त्यामुळे झटका आलाच नाही.

तिसरी_पाळी: उत्तम पद्धत, पण ती पहिल्या वाटेपुरतीच. दुसरं रोहित्र घेताना बस, म्हणजे सगळ्या लाईन जिथे जोडतात ती सामाईक पट्टी, आधीच जिवंत असते. शिवाय दाब कमी असताना लाईनवर कुठे अर्थ फॉल्ट असेल तर रिलेला तो दिसायलाच उशीर होतो. रेग्युलेटरही मॅन्युअलवर ठेवावा लागतो. आमच्या वेळी आम्ही लाईन कमी दाबाने, साधारण ९० टक्क्यांवर चार्ज करायचो, मग रोहित्र, आणि पलीकडे थोडा लोड लगेच जोडायचो. तो लोड उसळीला दमवतो.

फीडर_नंबर_सात: फॉल्ट आधी इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरने आणि गस्तीने बघितलेला असेल तर मी तरी शून्यापासूनच चढवेन.

तिसरी_पाळी: काळोखात १५० किलोमीटर गस्त? बघा बुवा.

शब्दांकन_सातारा: दोन्ही पद्धती देते, मर्यादांसह. आता वाक्य असं: ‘प्रथम लाईन चार्ज करावी. लाईनवर लोड नसल्यास टोकाचा दाब वाढतो, म्हणून रिअॅक्टर आधी तपासावा.’ ‘भारित’ दोन्हीकडून काढला. ‘दाब चढवणे’ मात्र घेते, तो शब्द आवडला.

मायबोलीप्रेमी: एका वाक्यात लाईन, चार्ज, लोड, रिअॅक्टर! मराठी कुठे उरली? निदान ‘वाहिनी ऊर्जित करावी’ म्हणा.

फीडर_नंबर_सात: रात्री दोनला फोनवर ‘ऊर्जित’ म्हटलं तर समोरचा “काय?” असं विचारेल. ‘चार्ज’ म्हटलं तर “केली” म्हणेल.

शब्दांकन_सातारा: भावाला पुन्हा वाचायला दिलं. त्याला आता ‘दाब’ अडला. त्याच्या डोक्यात दाब पाण्याचा.