गोळ्यांनी आलेली पाळी आणि अंडोत्सर्ग

“खूप सरावाच्या काळात थांबलेली पाळी आता गोळ्यांनी दर महिन्याला येते आहे, म्हणजे अंडोत्सर्गही सुरू झाला ना?”

नाही. गर्भनिरोधक गोळ्या अंडोत्सर्ग थांबवूनच ठेवतात आणि पाकिटाच्या शेवटी होणारा रक्तस्राव केवळ त्यांतील संप्रेरके थांबल्यामुळे होतो. त्यामुळे पाळी थांबवणारा मूळ बिघाड झाकला जातो, ही मला खरी काळजीची बाब वाटते. गरोदरपण, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासून झाल्यावर, सरावाच्या मानाने कमी खाण्यामुळे पाळी थांबली का हे पाहण्यासाठी आहाराचा हिशेब मांडावा. समजा, एका धावपटूचे चरबी वगळून वजन ४२ किलो आहे, ती रोज १९०० कॅलरी खाते आणि ७०० सरावात खर्च करते. उरलेल्या १२०० कॅलरी म्हणजे किलोमागे जेमतेम २९. साधारण ४५ पुरेशा मानतात, आणि ३० च्या खाली मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संकेत मंदावू लागतात, जरी ही सीमा प्रत्येकीत थोडी वेगळी असते.

तिने रोज सुमारे ३०० कॅलरींची भर घालून आणि आठवड्यात विश्रांतीचा एक दिवस वाढवून सुरुवात करावी. पाळी परतायला कित्येक महिने लागू शकतात. मात्र पहिला अंडोत्सर्ग पहिल्या पाळीच्या आधी होऊ शकत असल्याने, पाळी आलेली नसतानाही गर्भ राहू शकतो.