मार्शल लॉ न आलेलं सोलापूर: वळण पटायलाच हवं का?

उभाआडवा: माझ्या कादंबरीत ११ मे १९३०च्या रात्री सीनेवरचा रेल्वेपूल उडतो, मार्शल लॉ लावायला पुण्याहून निघालेली फौज अडकते आणि सोलापूर पाच वर्षं स्वतंत्र राहतं. पुढचं जग मन लावून रंगवलंय. मित्र म्हणतो, पूलच पटत नाही. इतिहास जिथं बदलतो ते वळण पटणं एवढं गरजेचं असतं का?

सीनाकाठचा: मे महिन्यात सीनेत पाणी कुठलं हो? आमच्या शेतावरून पात्र दिसतं. धरणाचं पाणी सुटलं नसेल तर पोरं तिथं क्रिकेट खेळतात. शिपाई गाडीतून उतरतील, वाळू तुडवत पलीकडं येतील आणि संध्याकाळी शहरात असतील. शिवाय दुसऱ्या बाजूनं वाडी जंक्शनकडून लाइन येतेच, सिकंदराबादची छावणी तिकडंच. एका पुलानं तुम्हाला फार तर एक दिवस मिळेल, पाच वर्षं नाही.

कडकभाकरी: मग दोन्हीकडचे रूळ उखडा की बे, काम झालं! कादंबरी वाचताना कोण नकाशा घेऊन बसतं? लोकांना पुढचं जग बघायचं असतं. वळण म्हणजे नुसतं दार, आत गेल्यावर कोण बघतं त्याच्याकडं?

सीनाकाठचा: रूळ उखडले की कोळसा आणि कापूसही बंद. गिरण्यांचा भोंगा थांबला की कामगारांचा पगार कोण देणार? तुमचं स्वतंत्र सोलापूर महिन्याभरात उपाशी पडेल. ते लिहिलंत तर मात्र मी वाचेन.

मंगळवार_पेठ: फौज कशी अडवायची यावर सगळे भांडताय, पण फौज मुळात का आली, हे कुणीच विचारत नाही. ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळापाशी जमावावर गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. त्यानंतर चिडलेल्या लोकांनी मंगळवार पेठेची चौकी पेटवली, त्यात दोन पोलीस मेले. कोर्टही जळलं. पोलीस शहरातून निघून गेले आणि १२ तारखेला मार्शल लॉ आला. तो ३० जूनपर्यंत चालला. साखळीतली सगळ्यात नाजूक कडी चौकीची आहे. तो जमाव दहा मिनिटं उशिरा पोचला आणि दोघे शिपाई मागच्या दारानं निसटले, एवढंच बदला. दारूगोळा नको, नदी नको. असं काही त्या दिवशी सहज घडू शकलं असतं, म्हणून वाचक मानतो.

आणि मग तुमच्या जगाला अर्थ येतो. पोलीस मेलेच नाहीत तर खुनाचा खटला उभा राहत नाही. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर जात नाहीत. चौघं घरी येतात, म्हातारे होतात, कदाचित एकमेकांच्या विरोधात निवडणुकाही लढवतात. त्यांना वाचवताना शहरानं काय गमावलं, हा तुमच्या कादंबरीचा प्रश्न होऊ शकतो. पुलाच्या गोष्टीत तो निघतच नाही.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या प्रकरणात १९५२ साली प्रेमी युगुल ‘चार पुतळ्यापाशी’ भेटतं. अहो, तुमच्या त्या जगात फासावर न गेलेल्या या चौघांचे पुतळे कुठून आले?

शेंगाचटणी: चांगला विषय. आमच्या पणजोबांची गांधी टोपी पणजीनं मार्शल लॉच्या दिवसात पिठाच्या डब्यात लपवली होती. डोक्यावर टोपी दिसली तरी शिपाई धरायचे, असं आजी सांगायची. हा प्रसंग जरूर घ्या, आणखी हवे असतील तर कळवा.

उभाआडवा: ताई, प्रसंग झकास आहे. पण माझ्या जगात मार्शल लॉच आलेला नाही, त्यामुळं टोपी डोक्यावरच राहणार.

कडकभाकरी: मंगळवार पेठवाल्यांना एक विचारतो. चौकी जळली नाही म्हणजे सरकार गप्प बसलं असतं काय? ६ एप्रिललाच नगरपालिकेवर झेंडा लागला होता. सरकार निमित्तच शोधत होतं. फौज आठवड्यानं आली असती आणि दुसरेच चौघं लटकले असते. मग तुमची नाजूक कडी काय कामाची?

मंगळवार_पेठ: असं होऊ शकतं, नाकारत नाही. झेंडा तर त्यांनी उतरवलाच. पण झेंड्यासाठी तुरुंगात टाकतात, फाशी देत नाहीत. फाशीला खून लागतो.

सीनाकाठचा: खून दाखवायला कितीसा वेळ लागतो? तेवढं सोडलं तर पटलं.

उभाआडवा: पूल काढला, चाळीस पानं गेली. पाच वर्षांचं स्वतंत्र राज्यही गेलं, त्याचं जरा वाईट वाटतंय. चौकी ठेवतोय. आता ती दोघं १९५२ला भेटणार कुठं, तेवढं अडलंय.

शेंगाचटणी: नव्या वेशीत भेटवा.

कडकभाकरी: एवढ्या गर्दीत? पोरगी येईल का बे?